नंदी मेला की नंदी मेळा? कार्यक्रमाचा हॅशटॅग ठरवताना आम्ही काय काय तपासलं

आमच्या नागपूरच्या बेसा भागातल्या कॉलनीत तान्हा पोळा दरवर्षी जोरात होतो. लाकडी नंदी सजवायची स्पर्धा, पोरांच्या डोक्याला फेटे, घरोघरी बोजारा म्हणजे पोरांना दिले जाणारे पैसे मागत फिरणं, सगळं असतं. पण फोटो मात्र कुठेच एका जागी सापडत नाहीत, अर्धे कोणाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलेले असतात आणि चोवीस तासात गायब. म्हणून गेल्या वर्षी मीटिंगमध्ये ठरलं की एक हॅशटॅग काढायचा. एका काकांनी लगेच सुचवला, #NandiMela. सगळ्यांनी माना डोलावल्या, फ्लेक्सवाल्याला फोन लावणार तेवढ्यात मागून एक काकू म्हणाल्या, "काहून जी, कोणाचा नंदी मेला?"

दोन मिनिटं कोणाला कळलंच नाही, मग सगळे हसायला लागले. मेळा हा शब्द रोमनमध्ये लिहिला की ळ चा एल होतो आणि मराठी माणूस तो सरळ "मेला" वाचतो. गंमत म्हणजे हिंदी बोलणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही, त्याच्याकडे मेला म्हणजेच जत्रा, आणि आपल्या नागपुरात तर एकाच गल्लीत दोन्ही प्रकारचे वाचणारे राहतात. म्हणून बाल मेळावा वगैरे ठेवणाऱ्यांनी पण #BalMela लिहायच्या आधी जरा थांबा, ते वाचायला फारच वाईट आहे.

त्या दिवसापासून हॅशटॅग ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आम्ही कसं केलं ते क्रमाने सांगून राहिलो, लग्न असो की शाळेचं गॅदरिंग, असंच करता येईल.

आधी शब्द गोळा करा, पण कामाचे

पहिली चूक सगळे हीच करतात की उत्सव, महोत्सव, मेळा, सोहळा यातला एक शब्द घेतात आणि मागे-पुढे नागपूर लावतात. असे टॅग हजार लोकांनी आधीच वापरलेले असतात. आणि नागपूर शब्दाची तर वेगळीच भानगड आहे, मराठीत आपण "नागपूर" दीर्घ लिहितो, हिंदीत "नागपुर" ऱ्हस्व. बघणाऱ्याला फरक जाणवत नाही पण मशीनसाठी #नागपूर आणि #नागपुर हे दोन पूर्ण वेगळे टॅग आहेत, अर्धे फोटो इकडे नि अर्धे तिकडे.

त्यापेक्षा त्या कार्यक्रमातच जे शब्द फिरत असतात ते लिहून काढा. आमच्या वहीत आले ते असे: तान्हा पोळा, बैल, नंदी, झूल, घुंगरू, बोजारा, फेटा, तोरण, आणि जागेचं नाव बेसा. दहा-पंधरा शब्द झाले की पुरे. यातून दोन-दोन शब्दांच्या जोड्या करायच्या. तीन शब्दांचा टॅग कोणी पूर्ण टाइप करत नाही, आणि एका शब्दाचा टॅग कधीच मोकळा सापडत नाही.

देवनागरीत काय फसतं

इथे जरा थांबून सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. आपल्या लिपीत काही अक्षरं अशी आहेत की दिसतात सारखी पण आत साठवलेली वेगळी असतात. उदाहरण म्हणजे ॲ. "ॲनिव्हर्सरी" मधला पहिला ॲ एका कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावर अ काढून त्याच्या डोक्यावर चंद्र ठेवला जातो. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे दिसतात, पण टॅग म्हणून ते एकमेकांना भेटतीलच याची खात्री नाही. तसंच आपला खास मराठी अर्धा र, "दुसऱ्या", "वाऱ्यावर" मधला. तो काही कीबोर्ड वेगळं ऱ अक्षर वापरून काढतात तर काही साध्या र च्या मागे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला काहीच कळत नाही आणि आपण विचार करत बसतो की काकांचा फोटो टॅगमध्ये का नाही दिसून राहिला.

म्हणून आमचा नियम साधा होता, टॅगमध्ये ॲ नको, अर्धा ऱ नको, शक्यतो अनुस्वार नको कारण घुंगरू कोणी "घुन्गरू" पण लिहितं, आणि जिथे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होऊ शकतो तो शब्द पण नको. घुंगरू त्यामुळे दोनदा कटला. झूल पण गेला, लोक "झुल" लिहितात. नंदी अनुस्वारामुळे गेला, वर काही जण "नंदि" लिहितात. तान्हा शब्दात न आणि ह जोडलेला आहे, तो चार पोरांना लिहायला सांगितला तर एकाने "तान्हा", एकाने "तानहा", एकाने "तन्हा" आणि एकाने थेट "ताना" लिहिलं. पोळा मध्ये ळ आहे, तो मराठी कीबोर्डवर ठीक, पण फोनमध्ये हिंदी कीबोर्ड ठेवून pola टाइप केलं की समोर "पोला" येतो.

अंकांचं पण तसंच आहे. वर्ष टाकायचं असेल तर कोणी 2026 लिहील, कोणी २०२६, आणि ते दोन टॅग होतील. दरवर्षीचा कार्यक्रम असेल तर वर्ष टाकूच नका, फोटो कोणत्या वर्षीचा ते पोस्टच्या तारखेवरून कळतं.

आणखी एक. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, त्यामुळे दोन शब्द जोडले की सांधा दिसत नाही. मधे अंडरस्कोर टाकता येतो, पण मग तो टाकलेला टॅग वेगळा आणि न टाकलेला वेगळा, आणि अर्धे लोक तो विसरणार हे नक्की. मधे छोटी आडवी रेघ म्हणजे डॅश तर अजिबात नको, डॅश आला की टॅग तिथेच तुटतो, पुढचं नुसतं अक्षर म्हणून राहतं. म्हणून असे दोन शब्द शोधा जे चिकटवले तरी वाचता येतात.

रोमनची परीक्षा: ऐकवा आणि टाइप करायला लावा

रोमनमध्ये शब्द कसा लिहितात ते आपल्या डोक्यात एकच असतं, पण लोकांच्या डोक्यात वेगवेगळं. व साठी कोणी v लावतं कोणी w, ई साठी i किंवा ee, ऊ साठी u किंवा oo, फ साठी f किंवा ph. आपल्या फुटाळा तलावाचंच बघा, Futala आणि Phutala दोन्ही दिसतं. ज्ञ असलेलं नाव असेल तर बघायलाच नको, मराठी माणूस dny लिहितो आणि हिंदीवाला gy.

याची तपासणी सोपी आहे. टॅग लिहून दाखवायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचा आणि म्हणायचं, जरा फोनवर टाइप करून दाखवा. एक कॉलेजचं पोरगं, एक शाळेतलं, दोन काकू, एक हिंदी बोलणारे शेजारी, एक आजोबा, एवढे पुरेत. आम्ही "तान्हापोळा" सांगितला तर Tanhapola, Taanhapola, Tanhapoda असे तीन-चार प्रकार आले. तो poda लिहिणारा पोरगा हिंदी मीडियमचा, त्याच्या कानाला ळ चा ड ऐकू येतो, त्याची चूक नाही. मग "बेसाबोजारा" सांगितला तर बहुतेकांनी Besabojara लिहिला, एकीने शेवटी दोन a लावले आणि एका पोराने मधला a खाऊन Besabojra केला. यापेक्षा बरं मिळणार नाही असं माझं मत आहे. सगळ्यांनी अगदी एकच स्पेलिंग लिहावं असा शब्द मराठीत मिळणं कठीण, पण सहातले चार जुळले तर तो टॅग चालतो.

या चाचणीत बोजारा शब्दाने जिंकायचं कारण बघा: बो, जा, रा, तीन सरळ अक्षरं, जोडाक्षर नाही, अनुस्वार नाही, ळ नाही, व नाही. बेसा पण तसाच. देवनागरीत दोघांना लिहायला एकच पद्धत. मी मुद्दाम नाही शोधला, वही समोर ठेवून एक-एक शब्द कापत गेलो तर शेवटी हेच उरले.

सगळं स्मॉल करून तीन भाषांत वाचा

टॅगला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, #BesaBojara आणि #besabojara एकाच जागी जातात. याचा अर्थ असा की तुम्ही कितीही छान कॅपिटल टाकून छापलं तरी लोक सगळं स्मॉलमध्येच टाइप करणार आणि तुम्ही लावलेले सांधे गायब होणार. यातून झालेला सगळ्यात गाजलेला घोळ २०१३ च्या एप्रिलमधला, ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर गेल्या तेव्हाचा. #nowthatchersdead असा टॅग फिरला, "आता थॅचर गेल्या" या अर्थाने. पण लोकांनी तो now that cher's dead असा तोडला आणि जिवंत असलेल्या गायिका शेर यांना श्रद्धांजली वाहायला लागले.

तर टॅग सगळ्या स्मॉल अक्षरांत कागदावर लिहा आणि पेन्सिलने प्रत्येक जागी तोडून बघा. आधी मराठीत वाचा, मग हिंदीत, मग इंग्रजीत. आमच्या यादीतले कसे पडले ते सांगतो.

#BailPola इंग्रजीत वाचला तर जामीन होतो. आमच्यातल्या एका वकील भाऊंनीच दाखवून दिलं, म्हणे माझ्या ऑफिसात हा टॅग लावला तर पक्षकार खूश होतील. #BailMela तर दोन्हीकडून गेला, मराठीत बैल मेला आणि इंग्रजीत जामिनाची जत्रा.

#TanhaPola सगळ्यांना आवडत होता, आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण हिंदीत तन्हा म्हणजे एकटा. आपल्या पोरांचा सण आणि टॅग वाचून वाटावं कोणी उदास शायर बसलाय. शिवाय अख्खा विदर्भ तोच टॅग वापरतो, त्यात आपली कॉलनी कुठे सापडणार. आणि नुसता pola शोधला तर बंगाली बायकांच्या शाखा-पोला बांगड्यांचे फोटो येतात, ते वेगळंच.

देवनागरीत तोडून नाही, फोटोशी जोडून बघावं लागतं. एका पोराने #बेसाचाबैल सुचवला, खरंच गोड होता, नंदीच्या फोटोखाली छान दिसतो. पण बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून कोणी मोठी व्यक्ती येणार, त्यांच्या फोटोखाली हाच टॅग लागणार. मग बसा निस्तरत. म्हणून प्रत्येक टॅग सगळ्यात वाईट फोटोखाली लावून बघायचा, पाहुण्याच्या, जेवणाच्या, रडणाऱ्या पोराच्या.

आता #besabojara. तोडला तर besa bojara, be sabo jara, besabo jara. हिंदीत jara म्हणजे थोडंसं, मराठीत पण जरा. bojara ऐकून एका शेजाऱ्यांना "बोझा" आठवला, ओझं, पण बोजारा देणाऱ्याच्या खिशाला तो ओझंच असतो म्हणून सोडून दिलं. त्रासदायक काही निघालं नाही.

शोधून बघा, पण नीट

मग मोकळा आहे का ते बघायचं. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब आणि एक्स या चार ठिकाणी, रोमन आणि देवनागरी दोन्ही, आणि चाचणीत आलेली चुकीची स्पेलिंगं सुद्धा. नुसता आकडा बघून चालत नाही, आतले फोटो उघडून बघा. वीस पोस्ट असतील पण सगळ्या पाच वर्षं जुन्या आणि एकाच घरच्या वाढदिवसाच्या, तर कदाचित चालेल. तीनच पोस्ट असतील पण एखाद्या दुकानाच्या जाहिरातीच्या, तर सोडा, तो दुकानवाला रोज टाकणार. आणि लक्षात ठेवा, ज्यांचं खातं प्रायव्हेट आहे त्यांच्या पोस्ट तुम्हाला दिसणार नाहीत, म्हणजे शून्य दिसलं तरी शंभर टक्के शून्य नसतं.

जोडीतला एक-एक शब्द पण वेगळा शोधून बघा, कारण कोणी मधे स्पेस दिला की टॅग पहिल्या शब्दावरच संपतो. नुसता besa शोधला तर कळलं की अल्बेनियाच्या लोकांमध्ये बेसा म्हणजे दिलेला शब्द, वचन, ते लोक भरभरून वापरतात. आणि स्पॅनिशमध्ये besa म्हणजे चुंबन घेतो किंवा घेते. मीटिंगमध्ये हे सांगितलं तर पोरं फिदीफिदी हसायला लागली, काकू म्हणाल्या पुढे चला. वचन आणि चुंबन, दोन्ही चालण्यासारखं होतं. शिवी निघाली असती तर बेसा शब्द काढला असता.

दोन लिप्या, एकच जोडी

शेवटी असं ठरलं: मुख्य टॅग #BesaBojara, आणि त्याचा जोडीदार #बेसाबोजारा. दोन्ही मिळून मराठी-हिंदी-इंग्रजी सगळ्यांना वाचता येतात. पण नुसत्या देवनागरीवर भिस्त ठेवू नका असं मी स्पष्ट सांगतो. मोठ्या ॲपमध्ये देवनागरी टॅग आता नीट चालतात, गडबड होते ती छोट्या सॉफ्टवेअरमध्ये. कार्यक्रमात मोठ्या स्क्रीनवर टॅगवाले फोटो दाखवतात ना, तसं एकाकडून लावून घेतलं होतं. त्याच्यात #बेसाबोजारा टाकला आणि त्याने वाचला फक्त "#ब". कारण त्या प्रोग्रॅमने काना-मात्रेला अक्षर मानलंच नाही, पहिली मात्रा आली की टॅग संपला. ब पासूनचे जगातले सगळे टॅग आमच्या पडद्यावर यायची वेळ आली असती. तपासायला एक मिनिट लागतो, स्क्रीनवाल्याला मात्रा असलेला टॅग टाकून दाखवायला सांगा, नाही जमला तर स्क्रीनवर फक्त रोमन ठेवा.

फ्लेक्सच्या दुकानात दुसरा प्रकार झाला. तिथे जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट वापरतात. त्या फॉन्टात इंग्रजी चिन्हांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असतात, कृतिदेवमध्ये # च्या जागी "रु" आहे. प्रूफ आलं तर वर मोठ्या लाल अक्षरात "रुबेसाबोजारा". त्याला सांगितलं भाऊ, हे # चिन्ह वेगळ्या इंग्रजी फॉन्टात टाका. रोमन टॅग त्याने सगळा कॅपिटलमध्ये केला होता, BESABOJARA, तो पण बदलायला लावला. B आणि दुसरा B तेवढे मोठे ठेवले की सांधा दिसतो, आणि ज्यांना दिसत नाही म्हणून फोन बोलून वाचून दाखवतो त्यांना पण दोन शब्द वेगळे ऐकू येतात. प्रूफ नेहमी फोनवर फोटो मागवून अक्षर-अक्षर वाचा, दुकानात उभं राहून घाईत वाचलं की चूक दिसत नाही.

लोकांना कसं सांगायचं

फ्लेक्स बघून कोणी टाइप करतं असं समजू नका. आम्ही कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला ज्यात फक्त दोन टॅग होते, एका ओळीत, बाकी काही नाही, म्हणजे दाबून धरा, कॉपी करा, टाका. सूचना वेगळ्या मेसेजमध्ये. व्हॉट्सॲपमध्ये टॅग दाबून काही उघडत नाही, पण ग्रुपमध्ये फोटोखाली लिहिला असेल तर ग्रुपच्या सर्चमध्ये टाकून ते फोटो काढता येतात, तेवढा उपयोग होतो.

आणि सूचनेत हे नक्की लिहा, ही खास आपल्या भाषेची अडचण आहे: टॅगला प्रत्यय लावू नका. आपण सहज लिहून जातो "#बेसाबोजारात खूप मजा आली" किंवा "#बेसाबोजाराला आलेले पाहुणे". त, ला, चा, ने काहीही चिकटलं की तो नवीन टॅग झाला आणि फोटो गेला. रोमनमध्ये पण होतं, #BesaBojaramadhe. म्हणून वाक्य पूर्ण करा, स्पेस द्या, शेवटी टॅग टाका. # च्या आधी पण स्पेस हवा, शब्दाला चिकटवला तर काही ठिकाणी तो टॅग म्हणून ओळखलाच जात नाही.

कार्यक्रम झाल्यावर रात्री बसून चुकीची स्पेलिंगं पण शोधा, चाचणीत जी आली होती तीच बहुतेक येतात. टाकणाऱ्याला मेसेज करा, कॅप्शन एडिट करून टॅग दुरुस्त करता येतो. आम्हाला पहिल्या नंबरच्या नंदीचा एकुलता एक नीट फोटो #besabojra मध्ये सापडला, आणि टाकणारा तोच, मधला a खाणारा पोरगा.